थर्मल पातळ, कोट जाड

डिसेंबरमध्ये नाशिकला बहिणीच्या घरी गेले, तर पलंगावर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. भाचीला जानेवारीच्या सत्रासाठी विनिपेगला जायचं होतं. एका बॅगेत जाडजूड थर्मलचे चार जोड, आजीने विणलेले दोन स्वेटर आणि मनालीहून आणलेली लोकरी शाल होती. वर खुर्चीवर कोट म्हणून एक पातळसं, कमरेपर्यंतचं जाकीट. विनिपेगला मी सहा हिवाळे काढले आहेत. पहिल्या वर्षी माझीही बॅग अशीच भरलेली होती, म्हणून त्या दिवशी आम्ही ती सगळी रिकामी केली.

विद्यार्थ्याचा तिथला दिवस डोळ्यासमोर आणला, की चूक लगेच कळते. सकाळी बसथांब्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. नंतर बस, वर्ग, ग्रंथालय, सगळीकडे हीटिंग चालू आणि हवा वीस-बावीस अंशांची. थर्मल अंगातून काढता येत नाही, कोट काढता येतो. ऊब अंगालगतच्या कपड्यात भरली, तर वर्गात तासभर बसल्यावर पाठ घामेजते आणि तो ओला कपडा घेऊनच पुन्हा उणे वीसमध्ये बाहेर पडावं लागतं. घाम वाळताना अंगातली उष्णता ओढून घेतो. जाड थर्मल घालूनही हुडहुडी भरते ती यामुळे. म्हणून ऊब काढता येणाऱ्या कपड्यात, म्हणजे कोटात हवी, आणि आतलं थर्मल पातळ हवं.

थर्मल घेताना जाडीपेक्षा धागा पाहा. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी बरीच थर्मलं सुती मिश्रणाची असतात. सूत घाम पितं आणि लवकर वाळत नाही. ती खोलीत झोपताना छान, पण रोज बाहेर पडायला नकोत. युनिक्लोच्या हीटटेकचा सर्वांत पातळ प्रकार वर्गात बसणाऱ्या मुलांना बहुधा पुरतो. तो रेयॉन, अॅक्रिलिक अशा धाग्यांचा असतो, शर्टाखाली दिसतही नाही, आणि मुंबईत त्यांची दुकानं आहेत. त्यांचेच एक्स्ट्रा वॉर्म आणि अल्ट्रा वॉर्म हे वरचे प्रकार दुकानात हाताला मोहवतात, पण घेतलेच तर एकच जोड, फार गारठ्याच्या दिवसांसाठी. मेरिनो लोकरीचं थर्मल महाग पडतं. आइसब्रेकर, स्मार्टवूल ही त्यातली नावं, आणि डेकॅथलॉनमध्ये त्यामानाने स्वस्त मिळतं. मेरिनो टोचत नाही आणि तीन-चार दिवस घातलं तरी वास धरत नाही. वसतिगृहात यंत्रात कपडे धुवायला दर फेरीला पैसे मोजावे लागतात, तेव्हा हा गुण कळतो. भाचीने पातळ हीटटेकचे दोन जोड आणि मेरिनोचा एक जोड घेतला. मधल्या थराला एक फ्लीसचं जाकीट, आजीच्या दोन स्वेटरांपैकी एक.

आता कोट. आतलं भरण दोन जातींचं असतं. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. ही लव फुलून हवा धरून ठेवते आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. सिंथेटिक म्हणजे पॉलिएस्टरचे बारीक तंतू, प्रायमालॉफ्ट किंवा थिन्सुलेट अशा नावांनी विकले जाणारे. सारख्या वजनात डाउन जास्त उबदार, पण भिजलं की त्याचे गोळे होतात आणि ऊब जाते. सिंथेटिक भिजल्यावरही बरीच ऊब राखतं.

म्हणून आधी गाव पाहायचं. विनिपेगची थंडी कोरडी. जानेवारीतल्या रात्री सरासरीने उणे वीसच्या आसपास जातात, पाऊस नसतो, बर्फ भुकटीसारखा झटकला की पडतो. तिथे डाउन. ग्लासगो किंवा हॅम्बुर्गला पारा शून्याच्या वर-खाली रेंगाळतो, पण पाऊस अंगावर असतो. तिथे सिंथेटिक भरण आणि वरून पाणी न शिरणारं कापड. काही घरांत बदकाची पिसं नकोशी वाटतात. त्यांनी विनिपेगलाही सिंथेटिक घ्यावं, फक्त कोट जास्त जाड आणि जड असेल हे धरून चालावं.

डाउनच्या लेबलावर ६००, ७००, ८०० असा आकडा दिसतो. त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, ते तो सांगतो. पण आत लव किती ग्रॅम भरली आहे, हे तो सांगत नाही, आणि फसगत इथेच होते. भाचीने पाठवलेल्या दोन कोटांपैकी एक ८०० चा, घडी करून पिशवीत मावणारा, आत ९० ग्रॅम भरण. दुसरा ६०० चा, मांडीपर्यंत लांब, आत २५० ग्रॅम. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. पहिल्याचे ७२ हजार, दुसऱ्याचे दीड लाख. ‘कमी दर्जाची’ लव असलेल्या कोटात दुप्पट फुलोरा निघाला. दुसरा लांब असल्याने त्यातली काही लव मांड्यांवर खर्च होते हे खरं, पण थांब्यावर उभं राहिल्यावर मांड्याच आधी बधिर होतात. ग्रॅम छापलेले नसतील तर दुकानदाराला विचारावेत किंवा कंपनीच्या साइटवर पाहावेत.

नावाचं म्हणाल तर, कॅनडा गूसचा कोट उत्तम असतो, पण किंमत हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जाते आणि त्यात बाहीवरच्या बिल्ल्याचाही भाग असतो. विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. नॉर्थ फेसचा मॅकमर्डो पार्का कामाचा आहे, पण त्याच कंपनीची पातळ जाकिटंही त्याच चिन्हाखाली विकली जातात. कोलंबियाच्या कोटांना आतून चंदेरी ठिपके असतात. ते अंगाची उष्णता परत फेकतात, पण जाड भरणाची जागा घेऊ शकत नाहीत. ‘उणे तीसपर्यंत’ असे जे आकडे छापलेले असतात, ते बहुतेक वेळा ज्या त्या कंपनीच्या स्वतःच्या मोजणीचे असतात, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीशी लावून पाहू नये.

मग कोट अंगात घालून पाहायचा, तोही आत फ्लीस घालून. हात वर केले की खांद्यात आवळला, तर भरण दबतं आणि दबलेल्या भरणात हवा राहत नाही. एक माप मोठा घ्यावा. मुठीत दाबून सोडला की डाउन सावकाश फुगून वर येतं. बोटांना काड्या फार टोचल्या, तर लव कमी आणि पिसं जास्त. चेनवर कापडी पट्टी हवी, मनगटाला आतून विणीचा कफ हवा, आणि हूड इतका खोल हवा की बाजूने येणारा वारा गालाला लागणार नाही. तापमान उणे वीस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला, तर अंगाला तो गारठा उणे ३३ सारखा लागतो. त्यात उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते.

सप्टेंबरच्या सत्राला जाणाऱ्यांनी इथून कोट नेऊच नये. तिथे पोचल्यावर ऑक्टोबरमध्ये स्थानिक दुकानात अंगावर घालून घ्यावा. व्हॅल्यू व्हिलेजसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतही चांगले पार्के सापडतात. त्यात फक्त भरण कुठे गोळा झालंय का, ते उजेडाकडे धरून पाहावं. भाचीला मात्र विमानतळाबाहेर पाऊल टाकतानाच कोट लागणार होता. म्हणून तो ६०० चा लांब कोट इथूनच घेतला, आणि बॅगेत न कोंबता हातावर टाकून नेला.

मार्चमध्ये तिचा फोन आला, कोट धुवायचा होता. समोरून दार असलेल्या यंत्रात, डाउनच्या साबणाने धुवायला सांगितलं, नंतर ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून. चेंडू आपटत राहतात आणि ओल्या लवेचे गोळे फोडतात. दोन तासांनी कोट वरून कोरडा लागला, म्हणून ती काढणार होती. मी काखेखालचा कप्पा चिमटीत धरून पाहायला सांगितला. आत अजून लिंबाएवढा ओला गोळा होता, म्हणून कोट आणखी एक फेरी आत गेला.