भर दुपारची गोळी आणि रामगढ

२६ ऑक्टोबर १८८१. अमेरिकेच्या ॲरिझोना भागातलं टूमस्टोन हे चांदीच्या खाणींचं गाव. दुपारी तीनच्या सुमारास तिथे अर्प घराण्यातले तीन भाऊ आणि त्यांचा मित्र डॉक हॉलिडे एका मोकळ्या जागेत प्रतिपक्षासमोर उभे राहिले. गावात हत्यार बाळगायला बंदी होती आणि समोरच्यांनी ती मोडली होती, एवढंच तात्कालिक कारण. साधारण तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या आणि तिघं मेले. ओके कोराल नावाच्या घोड्यांच्या कोंडवाड्यावरून ही चकमक प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात ती कोंडवाड्यात झालीच नाही, जवळच्या रिकाम्या जागेत झाली. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांपासून काही पावलांवर होती. कोणी शंभर पावलं चालत आलं नाही, कोणी घड्याळाचे ठोके मोजले नाहीत.

पडद्यावर दिसणाऱ्या द्वंद्वाशी सर्वांत जवळची खरी घटना त्याआधीची आहे. २१ जुलै १८६५ रोजी मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्डच्या चौकात वाइल्ड बिल हिकॉकने डेव्हिस टट याला सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून, म्हणजे जवळपास सत्तर मीटरवरून, एका गोळीत पाडलं. भांडण जुगारातल्या देण्याचं आणि गहाण पडलेल्या खिशातल्या घड्याळाचं होतं. वेळ संध्याकाळी सहाची. भर दुपार इथेही नव्हती.

मग बाराचा ठोका आला कुठून? त्याचं श्रेय बव्हंशी १९५२ च्या ‘हाय नून’ला जातं. फ्रेड झिनेमनच्या या चित्रपटात गॅरी कूपर हा नुकतंच लग्न झालेला, पदावरून उतरणारा गावरक्षक आहे. ज्याला त्याने तुरुंगात धाडलं होतं तो फ्रँक मिलर बाराच्या गाडीने परत येणार, ही बातमी साडेदहाच्या सुमारास कळते. चित्रपटाची लांबी पंचाऐंशी मिनिटांच्या आसपास, आणि कथेतला वेळही जवळजवळ तेवढाच. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसतात, रिकामे रूळ पुन्हा पुन्हा दिसतात. नायक मदत मागत गावभर फिरतो आणि जो तो काढता पाय घेतो. गंमत अशी, की बारा वाजल्यावर जे होतं ते द्वंद्व नाहीच. एकाविरुद्ध चौघं, आडोशाआडून गोळीबार, आणि चौघांपैकी एकाला नायकाची बायको पाठीमागून गोळी घालते. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र ‘भर दुपारचं द्वंद्व’ राहिलं, कारण त्यांनी खरोखर पाहिली होती ती वाट. या चित्रपटाला संकलनाचं ऑस्कर मिळालं, यात नवल नाही.

वेस्टर्नमधल्या ठरीव गोष्टींकडे याच नजरेने पाहायला हवं. एकटा बंदूकधारी, सलून, समोरासमोरची गोळी यांना निव्वळ सजावट समजलं तर त्या पोकळ दिसतात. प्रत्येकीला कथेत एक काम आहे. कायद्याचा हात जिथे पोचत नाही तिथे न्याय कोण करणार, या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकटा परका येतो. त्याला गावाशी नातं नाही, म्हणून तो हिंसा करू शकतो. आणि हिंसा केली म्हणून त्याला गावात राहता येत नाही. १९५३ च्या ‘शेन’मध्ये नायक शेवटी घोड्यावरून निघून जातो, त्यामागे हाच हिशेब आहे. सलूनचं काम वेगळं. दारूचा गुत्ता ही त्याची वरवरची ओळख. अख्खं गाव एका छताखाली आणण्याची ती जागा. अर्ध्या उंचीची झुलती दारं ढकलून परका आत आला की पत्त्यांचा डाव थांबतो, आणि गाव त्याच्याबद्दल काय समजतं हे एकाही संवादाविना कळतं.

ही कामं दुसऱ्या मातीत कशी केली गेली हे पाहायचं असेल, तर ‘शोले’इतकं चांगलं उदाहरण नाही. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चाललेला हा चित्रपट सर्वांना पाठ आहे. त्याचं लेखन सलीम-जावेदचं आणि दिग्दर्शन रमेश सिप्पींचं, हेही सर्वांना ठाऊक असतं. त्यातल्या मराठी हातांची आठवण मात्र कमी निघते. कर्नाटकातल्या रामनगरच्या कातळांमध्ये रामगढ उभं केलं ते कलादिग्दर्शक राम येडेकरांनी. त्याचं संकलन केलं माधव शिंदे यांनी; श्रेयनामावलीत एम. एस. शिंदे. ‘शोले’ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, आणि तो शिंद्यांच्या संकलनाला.

चित्रपटातला मोठा वेस्टर्न प्रसंग तर महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला. पनवेलजवळच्या लोहमार्गावर मालगाडीवरचा दरोडा चित्रित झाला. त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. आगगाडी ही वेस्टर्नची सर्वांत जुनी खूण आहे: एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा जेमतेम बारा मिनिटांचा मूकपट १९०३ चा. ‘शोले’ने या खुणेचा अर्थ बदलला. दरोडेखोर गाडी लुटायला येतात तेव्हा आतले दोन चोर, हातात बेड्या असलेले, पोलीस अधिकाऱ्याच्या बाजूने लढतात. एकट्या बंदूकधाऱ्याच्या जागी इथे जोडी आहे आणि ती भाड्याने आणलेली आहे. भारतीय प्रेक्षकाला पूर्णपणे एकटा, कोणाचाच नसलेला नायक परका वाटला असता. मैत्रीने ती अडचण सुटली. शिवाय दोघांपैकी एकाला मारून आणि एकाला गाडीत बसवून, ‘परक्याने गावात राहू नये’ हा जुना दंडकही पाळला गेला.

रामगढात सलून नाही. तिथे ते बसलंच नसतं: वेस्टर्नमधलं सलून हा राजरोस, परवान्याचा, भर रस्त्यावरचा धंदा, तर इकडच्या गावात दारू आडोशाला. म्हणून त्याची कामं वाटून दिली गेली. नाच-गाणं गेलं डाकूंच्या तळावर, जिथे हेलन नाचते. दारूच्या अमलातला तमाशा गेला पाण्याच्या टाकीवर. आणि गाव एकत्र येऊन भ्याडपणा करतं, तो प्रसंग आला उघड्यावर. अहमदचं प्रेत घोड्यावरून गावात येतं (ही भूमिका सचिन पिळगावकरांची), आणि लोक जय-वीरूला गब्बरच्या हवाली करायची भाषा बोलू लागतात. ‘हाय नून’मध्ये गावरक्षक सलूनमध्ये आणि चर्चमध्ये जाऊन जे ऐकतो तेच हे. फरक एवढाच, की इथे मुलगा गमावलेला इमाम उभा राहतो आणि गावाला लाज वाटते. हा फरक लहान नाही. अमेरिकन चित्रपटातलं गाव शेवटपर्यंत सुधारत नाही, रामगढ सुधारतं.

आता द्वंद्वाकडे येऊ. पिस्तूल झटक्यात उपसण्याची स्पर्धा ‘शोले’त कुठेच नाही, कारण ज्याचं वैर आहे त्या ठाकूरला हातच नाहीत. वेस्टर्नमधली सर्वांत लाडकी गोष्ट लेखकांनी मुळातूनच छाटली. पण तिचा ताण सोडला नाही. तो त्यांनी गब्बरच्या तळावरच्या एका प्रसंगात ओतला.

रिकाम्या हाताने परतलेले तीन साथीदार उभे आहेत. त्यांतला कालिया म्हणजे विजू खोटे. गब्बर सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्र फिरवतो आणि एकेकावर रोखून चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसता खटका. इथे थोडं गणित करून पाहावं. गोळ्या लागोपाठ झाडल्या असल्याने तीन रिकामी घरं शेजारी-शेजारी आहेत आणि तीन भरलेली शेजारी-शेजारी. चक्र कुठेही थांबो, शक्यता सहाच. आणि त्यांतल्या एकाच शक्यतेत पहिले तिन्ही बार रिकामे जातात. म्हणजे तिघंही वाचण्याचा संभव सहात एक. आणि ते वाचले त्या क्षणी पुढची तिन्ही घरं भरलेली आहेत, हेही नक्की होतं. माणसं तीन, गोळ्या तीन. तळावर हास्याचा गडगडाट सुरू असताना लक्ष देणाऱ्या प्रेक्षकाला पुढचं दिसू लागलेलं असतं. हे द्वंद्वच आहे, फक्त एका बाजूच्या हातात शस्त्र नाही.

अशा प्रसंगाचा जीव तुकडे कसे जोडले यात असतो. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने १९६६ च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये तिघांचं द्वंद्व कित्येक मिनिटं लांबवलं ते याच जोरावर: आधी दूरचं दृश्य, मग कमरेजवळचे हात, मग डोळे, आणि तुकडे आखूड होत जातात. बार उडण्याचा वेळ नगण्य असतो. ‘शोले’साठी सुमारे तीन लाख फूट फिल्म खर्ची पडल्याचं नोंदलेलं आहे, आणि ती शिंद्यांनी वीस हजार फुटांच्या आत-बाहेर आणली. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणजे शिंद्यांसमोर पंचावन्न तासांहून अधिक लांबीचं चित्रण होतं, आणि त्यातून साडेतीन तासांच्या आतला चित्रपट काढायचा होता. पंधरा फुटांतले चौदा फूट बाजूला. तेही हाताने कापून, चिकटवून.

त्यांची कात्री सर्वांत कठोरपणे चालली ती ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येत. हा प्रसंग लिओनीच्याच १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’वरून सुचलेला आहे, हे उघड आहे: अंगणातलं सुखी घर, अचानक गोळ्या, आणि शेवटी एकटं उरलेलं पोर. दोन्हीकडे पोराचा मृत्यू दाखवलेला नाही. दोन्हीकडे गोळीच्या आवाजावर दृश्य तुटतं आणि आगगाडी येते. त्या गाडीतून ‘शोले’त ठाकूर उतरतो, घरच्यांना भेटायला. उसनं घेतलेलं हे जोडकाम मूळ प्रसंगाहून जास्त दुखवतं, कारण प्रेक्षकाला जे कळलंय ते उतरणाऱ्या माणसाला अजून कळलेलं नाही.

शेवटी मात्र वेस्टर्नचा पायाच अडचणीत आला. ठाकूर खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरला ठार मारतो, असा मूळ शेवट चित्रित झाला होता. पण १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागू झाली होती, आणि माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं सेन्सॉर मंडळाला मान्य नव्हतं. शेवट नव्याने चित्रित करावा लागला: ऐन वेळी पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बरला घेऊन जातात. जिथे कायदा पोचत नाही अशाच जागेसाठी एकटा बंदूकधारी निर्माण झाला होता. इथे त्याच्या कथेच्या शेवटच्या मिनिटात कायदा पोचला. मूळ शेवट असलेली, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन करून नव्याने सिद्ध केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, म्हणजे लिओनीच्या देशात, पहिल्या प्रदर्शनानंतर पन्नास वर्षांनी.