शंभराजवळचे गुणाकार: एका स्लाइडवर एकच युक्ती

तोंडी हिशेबाच्या स्लाइडमालिकेत प्रत्येक स्लाइडवर एकच युक्ती आणि तिचे सोडवून दाखवलेले एक उदाहरण असते. शंभराच्या जवळपासच्या संख्यांचे गुणाकार या मांडणीला फार सोयीचे आहेत, कारण त्यांतली प्रत्येक नवी अडचण आधीच्या उदाहरणातूनच पुढे येते. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या भारती कृष्ण तीर्थ यांच्या ‘वैदिक मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकात ही रीत दिली आहे. तिच्यामागे मात्र शाळेतलेच बीजगणित आहे.

पहिल्या स्लाइडवर ९७ × ९४ घ्यावे. शंभराला ९७ मध्ये ३ कमी पडतात, ९४ मध्ये ६. एका संख्येतून दुसरीची तूट वजा करायची: ९७ − ६ = ९१. ९४ मधून ३ वजा केले तरी ९१ च येतात. मग तुटींचा गुणाकार, ३ × ६ = १८. दोन्ही शेजारी लिहिले की उत्तर ९११८. ९१ म्हणजे इथे ९१ शतके, आणि १८ हे त्यांत मिळवलेले सुटे. एवढे कारण त्याच स्लाइडवर एका ओळीत लिहिले पाहिजे, कारण पुढच्या दोन्ही स्लाइड त्यावरच उभ्या आहेत.

दुसरी स्लाइड ९८ × ९७ ची. डावीकडे ९५, उजवीकडे २ × ३ = ६. इथे बरीच मुले ९५६ लिहितात. ९५ शतके आणि ६ म्हणजे ९५०६; उजव्या भागाला दोन घरे लागतात, म्हणून शून्य भरायचे.

तिसरीत उलट घडते. ८८ × ८७ मध्ये तुटी १२ आणि १३, त्यांचा गुणाकार १५६. दोन घरांत तो मावत नाही. ५६ खाली ठेवून १ हातचा ७५ मध्ये मिळवायचा, उत्तर ७६५६.

चौथी स्लाइड ताळ्याची. अंकांची बेरीज करून नऊचा ताळा घेण्याची सवय चांगली आहे, पण नेमक्या या दोन चुका त्यात सापडत नाहीत. ९५०६ आणि ९५६, दोन्हींच्या अंकांची बेरीज २० च होते. हातचा विसरून लिहिलेले ७५१५६ आणि बरोबर उत्तर ७६५६, दोन्हींची २४. म्हणून आधी अंदाज घ्यावा: ९८ × ९७ हा गुणाकार दहा हजारांच्या थोडा खाली असणार, तेव्हा तीन अंकी उत्तर चुकीचेच. ८८ × ८७ सुद्धा दहा हजारांच्या आतच राहणार, म्हणजे पाच अंकी उत्तर बाद.

शेवटच्या स्लाइडवर या रीतीची मर्यादा दाखवावी. ६३ × ५८ मध्ये तुटी ३७ आणि ४२ येतात, आणि त्यांचा गुणाकार मूळ उदाहरणाइतकाच किचकट आहे. तिथे ६० × ५८ = ३४८० आणि ३ × ५८ = १७४, एकूण ३६५४, ही फोड केव्हाही सोपी.