माहिती-प्रवाह आकृतीचे लिखित दस्तऐवजात रूपांतर : पूर-इशारा प्रणालीचे उदाहरण

सॉफ्टवेअर आराखड्याच्या सादरीकरणातील माहिती-प्रवाह आकृतीत बाण माहितीची केवळ दिशा दर्शवितो. वेळ, एकक वा खंड दर्शवीत नाही. उदाहरणादाखल, सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचा विसर्ग व सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील कृष्णेची पातळी यांवरून पूर-इशारा देणारी प्रणाली कल्पू. आकृतीत ‘विसर्ग’ हा एकच बाण असतो. दस्तऐवजात त्याचे वाक्य असे व्हावे : ‘धरणाकडून दर तासाला विसर्ग क्युसेकमध्ये, मोजणीच्या वेळेसह येईल; नोंद न आल्यास ती शून्य न मानता अप्राप्त मानावी.’ अन्यथा रिकामी नोंद शून्य ठरून इशारा दडपला जाईल. पातळीच्या बाणासोबत ४० फूट इशारा व ४५ फूट धोका या मर्यादाही लिहाव्यात. शेवटी प्रत्येक बाणास वाक्य आहे काय, हे ताडून पाहावे. वाक्याविना राहिलेला बाण प्रोग्रॅमर स्वतःच्या अंदाजाने भरतो.