अंकाईचा डोंगर जवळ आला नाही तेव्हा

नाशिकरोडहून एक तरुणी छत्रपती संभाजीनगरला निघाली आहे. विद्यापीठात दुपारी चार वाजता तिची मुलाखत आहे. हातात अनारक्षित डब्याचं एक्स्प्रेसचं तिकीट आहे. फलाटावर नांदेडकडच्या गाडीची गर्दी आहे, एक गाडी येते, लोक चढतात, तीही चढते. गाडी निघते ती भुसावळकडे जाणारी. ही तरुणी आणि गोष्टीतल्या वेळा मी कल्पिलेल्या आहेत, पण रूळ, फाटा, घाट आणि नियम खरे आहेत.

ही चूक अर्धा रस्ता लपून राहते, कारण मनमाडपर्यंत दोन्ही गाड्यांचा मार्ग एकच. निफाड, लासलगाव ही ओळखीची नावं खिडकीतून तशीच मागे पडत जातात. मनमाडला दोन्ही गाड्या थांबतात. तिथून मात्र संभाजीनगरचा मार्ग दक्षिणेकडे वळतो आणि थोड्याच वेळात अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले अगदी जवळ येतात. पुढे नगरसूल, रोटेगाव, लासूर. भुसावळचा मार्ग ईशान्येला नांदगावकडे जातो.

तिच्या डब्यात मनमाडनंतर ऊन उजव्या खिडकीतून येऊ लागलं. सकाळचे पावणेअकरा, सूर्य आग्नेयेला. गाडी अंकाईकडे वळली असती तर ऊन समोरून आलं असतं. डोंगर जवळ येण्याऐवजी मागे सरकताना पाहून तिने शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "काका, अंकाई गेलं का?"

"अंकाई कुठलं ताई, ही भुसावळची गाडी. औरंगाबादला जायचंय का तुम्हाला? मग मनमाडलाच उतरायला पाहिजे होतं."

अशा वेळी पहिला विचार येतो तो साखळीचा. ती ओढू नये. चुकीच्या गाडीत चढणं हे साखळी ओढायला पुरेसं कारण धरलं जात नाही, आणि रेल्वे कायद्याच्या कलम 141 प्रमाणे विनाकारण साखळी ओढणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय गाडी थांबते ती माळरानावर. सिग्नलला गाडी हळू झाली म्हणून उडी टाकणारे तर जिवाशी खेळतात. गाडीत बसून राहणं हीच या घडीची सगळ्यात सुरक्षित गोष्ट, आणि विचार करायला तेवढाच वेळही मिळतो.

दुसरा विचार येतो मागे फिरण्याचा: पुढच्या थांब्यावर उतरायचं, मनमाडला परत यायचं आणि बरोबर गाडी पकडायची. माझ्या मते बहुतेकांचा वेळ जातो तो इथेच. चूक जिथे झाली तिथे परत जाऊन ती दुरुस्त करण्याची आपल्याला घाई असते. पण मुलाखत मनमाडला नाही, संभाजीनगरला आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की ही गाडी आता जिथे थांबणार आहे तिथून संभाजीनगरला कसं जायचं?

काकांनी सांगितलं, गाडी नांदगावला थांबत नाही, थेट चाळीसगाव. तिने मोबाइलवर गाडीचं वेळापत्रक पाहून खात्री केली. चाळीसगाव पावणेबाराला. मग तिने दोन्ही रस्ते मांडले. मागे फिरायचं तर मनमाडकडे जाणारी गाडी साडेबाराला, मनमाड सुमारे दीडला. तिथून संभाजीनगर रेल्वेने 113 किलोमीटर, आणि पुढची गाडी तीनची. म्हणजे पोहोचायला पाच वाजून जाणार. दोन गाड्या आणि दोन्हीकडे ताटकळणं, त्यातली एक जरी उशिरा आली तरी सगळं कोलमडणार.

दुसरा रस्ता काकांनीच सुचवला. ते चाळीसगावचेच. "एस.टी.ने जा ना. कन्नड घाट चढला की झालं." चाळीसगाव खानदेशात, डोंगराच्या पायथ्याशी. कन्नड मराठवाड्यात, डोंगराच्या माथ्यावर. मध्ये औट्रम घाट, त्यालाच लोक कन्नड घाट म्हणतात. रेल्वेच्या नकाशात चाळीसगाव आणि संभाजीनगर यांचा काही संबंध दिसत नाही, पण रस्त्याने हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. सव्वाबाराची बस मिळाली आणि तीन तास धरले, तरी सव्वातीन. वाहन एकच आणि वाट पाहणंही एकदाच. रेल्वेचा नकाशा बाजूला ठेवून रस्त्यांचा पाहिला तरच हा मार्ग दिसतो. जंक्शनवर फुटलेल्या दोन रेल्वेमार्गांच्या मधल्या प्रदेशात गावं असतात आणि गावांना बस असते, म्हणून फाटा चुकला की आधी हेच तपासावं.

फक्त पावसाळ्यात आधी घाटाची चौकशी करावी लागते. 2021 च्या ऑगस्टअखेर तिथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. तसं असेल तर बस स्थानकावर विचारताच कळतं. घाट बंद असेल तर रेल्वेने पुढे जळगाव आणि तिथून अजिंठा-सिल्लोडमार्गे बस हा पर्याय उरतो. त्याला वेळ बराच जास्त लागतो आणि चारची मुलाखत हुकते. मग लगेच विद्यापीठात फोन करून वेळ पुढे ढकलण्याची विनंती करायची, पोहोचल्यावर नव्हे.

राहिला तिकिटाचा प्रश्न. ती स्वतःहून तिकीट तपासनिसाकडे गेली. तिचं तिकीट मनमाडपर्यंत या मार्गावर चालतं, पुढे नाही. नियमाने मनमाड ते चाळीसगावचं भाडं आणि त्यावर जादा आकार. हा आकार भाड्याइतका किंवा 250 रुपये, यांत जो जास्त असेल तो. अंतर थोडं, त्यामुळे तिला 250 च लागू होतात. या वेळी नाशिकरोडचं तिकीट हाताशी असणं फार महत्त्वाचं. प्रवासी कुठून चढला याबद्दल शंका असेल तर कायदा गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं घ्यायला परवानगी देतो, आणि गाडी मुंबईहून आलेली असेल तर आकडा बराच वाढतो. चुकीची गाडी म्हणून रागाने तिकीट फाडून टाकणारे हाच पुरावा घालवतात. पैसे भरल्यावर पावती घ्यायची, कारण स्टेशनच्या दारात पुन्हा तपासणी होऊ शकते.

चाळीसगावला ती उतरली, रिक्षाने बस स्थानकावर गेली आणि चौकशीच्या खिडकीवर घाट सुरू असल्याचं विचारून घेतलं. एस.टी.त महिलांना निम्मं भाडं असल्याने दंडाची थोडी भरपाईही झाली. घाटात बस एका ट्रॅक्टरमागे रखडली आणि वीस मिनिटं गेली. कन्नड, मग वेरूळ. शहरात शिरेपर्यंत साडेतीन वाजून गेले होते आणि विद्यापीठापर्यंतची रिक्षा धरून ती चाराला पाच मिनिटं कमी असताना पोहोचली.

हीच चूक लासलगावला लक्षात आली असती तर गोष्ट फारच सोपी होती. मनमाडला उतरायचं आणि मागून येणाऱ्या नांदेडच्या गाडीत चढायचं. तोपर्यंतचा सगळा प्रवास तिच्या तिकिटातलाच, म्हणून दंड नाही. अनारक्षित तिकीट एका ठरावीक गाडीचं नसतं, त्या दर्जाच्या कुठल्याही गाडीला चालतं, फक्त मागची गाडी सुपरफास्ट असेल तर वरचा अधिभार भरावा लागतो. आरक्षण असतं तर मात्र अडचण वेगळी होती. आपली जागा त्या एकाच गाडीत असते, आणि चढायच्या स्टेशनावर प्रवासी दिसला नाही तर तपासनीस ती दुसऱ्याला देऊ शकतो. तेव्हा 139 वर फोन करून किंवा आहे त्या गाडीतल्या तपासनिसाला सांगून, आपण मनमाडला चढतोय हे मागच्या गाडीपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करायचा. जागा राहीलच याची खात्री नाही, पण सांगितलंच नाही तर ती जाणार हे नक्की.