'इडेफिक्स'चा 'डॉगमॅटिक्स' कसा झाला?

ॲस्टेरिक्सच्या कॉमिक्समधलं ते इवलंसं पांढरं कुत्रं इंग्रजी वाचणाऱ्यांना 'डॉगमॅटिक्स' म्हणून माहीत आहे. मूळ फ्रेंचमध्ये मात्र त्याचं नाव आहे 'इडेफिक्स'. फ्रेंचमध्ये 'इदे फिक्स' म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली, काही केल्या न निघणारी कल्पना.

हेच नाव इंग्रजीत तसंच ठेवलं असतं तर विनोद समजला असता, पण हसू आलं नसतं. अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज या अनुवादकांनी शब्द बाजूला ठेवला आणि नाव काय काम करतंय ते पाहिलं. नाव 'इक्स'ने संपायला हवं, कारण गावातल्या सगळ्या गॉल पुरुषांची नावं तशीच संपतात. त्यातून हट्टीपणा दिसायला हवा. आणि ऐकताक्षणी गंमत वाटायला हवी. 'डॉगमॅटिक' म्हणजे स्वतःच्या मताला चिकटून बसणारा. त्यात 'डॉग' आयताच बसलेला! मूळ नावात कुत्रा नव्हताच, म्हणजे इथे अनुवाद मुळापेक्षा एक कोटी जास्त करून गेला.

गावातल्या बेसूर गवयाचं फ्रेंच नाव सर्व प्रकारच्या जोखमींच्या विम्यावरून आलंय, त्याचा गाण्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत तो झाला 'कॅकोफोनिक्स', म्हणजे थेट कर्कश गोंगाट.

खरी पंचाईत झाली ती ॲस्टेरिक्स ब्रिटनला जातो त्या पुस्तकात. तिथले ब्रिटन लोक फ्रेंच बोलतात, पण इंग्रजी वळणाचं: फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणं नामाच्या मागून येतात, हे लोक ती पुढे लावतात. आता हे इंग्रजीत आणलं तर ते साधं, बिनचूक इंग्रजी होतं आणि विनोद गायब! म्हणून अनुवादकांनी ब्रिटनांच्या तोंडी जुन्या काळच्या उच्चभ्रू साहेबाची ऐटबाज भाषा घातली. व्याकरणाचा विनोद गेला, पण 'हे लोक जरा विचित्रच बोलतात' ही गंमत टिकली.

कॉमिकमध्ये आणखी एक अडचण असते: चित्र बदलता येत नाही. विनोद चित्रातल्या वस्तूवर असेल तर नवी कोटीही त्याच वस्तूवर, त्याच फुग्यात मावेल एवढीच करावी लागते. ते जमलं नाही तर तिथला विनोद सोडून देतात आणि पुढे जिथे भाषा आपणहून संधी देते तिथे एक जास्तीचा घालतात. याला 'भरपाई' म्हणतात.

हाच प्रयोग मराठीवर करून बघा. दुकानदार आयकर अधिकाऱ्याला म्हणतो, "साहेब, कर नाही त्याला डर कशाला?" इंग्रजीत 'कर'चे दोन अर्थ मिळत नाहीत आणि म्हणही नाही. पण तिथे 'टॅक्सिंग' म्हणजे दमवणारं. मग इंग्रजी दुकानदार म्हणेल, "साहेब, तुमची भेट फारच टॅक्सिंग असते." म्हण गेली, निरागसपणाचा आवही गेला. कर मात्र राहिला आणि अधिकाऱ्याला मारलेला टोमणाही.