काळा रंग कुठे गेला?

दुपारचे चार वाजले आहेत. बोरिवलीतल्या एका घरात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आले आहे आणि समोरच्या भिंतीवर दूरदर्शन संच चालू आहे. क्रिकेटचा सामना बरा दिसतो. मात्र वाहिनी बदलून चित्रपटातला रात्रीचा प्रसंग लावला, तर नायकाचा चेहराही ओळखू येत नाही. रात्री तोच प्रसंग स्वच्छ दिसतो. संच तोच, चित्रही तेच. मग दुपारी काय बिघडते?

एक सोपा प्रयोग करा. दुपारी संच बंद करा आणि पडद्याकडे पाहा. तो काळा नाही, राखाडी दिसेल. खोलीतला प्रकाश पडद्यावर पडून परत फिरतो, त्याचा हा राखाडी रंग. संच चालू केल्यावरही हा प्रकाश तिथेच असतो. म्हणून चित्रातला काळा रंग बंद पडद्यापेक्षा अधिक काळा होऊच शकत नाही!

आता थोडे गणित करू. पडद्याची उजळता 'निट' या एककात मोजतात. समजा, आपल्या संचाचा पांढरा रंग ३०० निट आणि काळा ०.१ निट आहे. अंधारात पांढरा काळ्याच्या ३,००० पट उजळ ठरेल. दुपारी परावर्तित प्रकाश ३ निट धरू. तो दोन्हींत मिळवला की पांढरा ३०३ आणि काळा ३.१ निट होतो. गुणोत्तर उरते जेमतेम ९८!

यावर उपाय करण्यापूर्वी संचाची रचना पाहू. एलसीडी पडद्यामागे दिव्यांचा प्रकाश असतो, तोच बॅकलाइट. पुढचे द्रवस्फटिक लहान झडपांसारखे तो कमीजास्त अडवतात. झडप पूर्ण मिटत नाही, म्हणून काळ्यातही ०.१ निट झिरपतो. बॅकलाइट कमी करून पांढरा १०० निटवर आणला, तर दुपारचे गुणोत्तर ३४ वर घसरते. म्हणून उजेडात बॅकलाइट वाढवायचा. पुष्कळ संचांतले 'ब्राइटनेस' हे बटण मात्र दिवे वाढवत नाही, मिटलेल्या झडपा किलकिल्या करते. नाव फसवे असू शकते, म्हणून रात्रीचा प्रसंग थांबवून तपासा. बटण वाढवल्यावर पांढरे भाग तसेच राहून फक्त काळे भाग राखाडी झाले, तर तो बॅकलाइट नव्हे.

पण याहून चांगला उपाय खिडकीपाशी आहे. पडदा ओढून खोलीतला प्रकाश पाचवा हिस्सा केला, तर परावर्तन ०.६ निट होते. मग बॅकलाइट १०० निटवर ठेवूनही गुणोत्तर सुमारे १६० येते. म्हणजे पूर्ण बॅकलाइटपेक्षा सरस, आणि विजेचीही बचत! शिवाय चकचकीत पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंबच पडत असेल, तर कोणतेही बटण ते पुसू शकत नाही. तिथे पडदा ओढावा किंवा संचाची जागा बदलावी.

रात्री दिवे मालवल्यावर बॅकलाइट कमी केला, तरी गुणोत्तर बदलत नाही, कारण पांढरा आणि काळा दोन्ही सारखेच उतरतात. मग कमी कशासाठी करायचा? अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते. ३०० निटचा पांढरा डोळ्यांत खुपतो आणि ०.१ निटचा काळाही राखाडी वाटतो. पांढऱ्या सदऱ्याकडे पाहताना डोळे बारीक करावे लागणार नाहीत, इतका बॅकलाइट उतरवा. संचामागे एक मंद दिवा ठेवला, तर आणखी सोयीचे.

आता 'शार्पनेस'. हे बटण चित्रात नवा तपशील घालत नाही. जिथे गडद आणि फिकट भाग भेटतात, तिथे गडद बाजू अधिक गडद आणि फिकट बाजू अधिक फिकट केली जाते. ते फार वाढले, की धावफलकावरच्या अक्षरांभोवती पांढरी कड उमटते. ती कड नाहीशी होईपर्यंत शार्पनेस कमी करा. अक्षरे पुसट होऊ लागली, की जरा मागे या. खोलीतल्या उजेडाशी याचा संबंध नाही, त्यामुळे ते दिवसरात्र तेच राहू द्या.

राहिला प्रश्न 'पिक्चर मोड'चा. 'व्हिव्हिड'मध्ये प्रकाश, रंग आणि शार्पनेस सहसा भडक केलेले असतात. दुकानाच्या झगमगाटात संच उठून दिसतो तो याच्यामुळे. घरी दिवसा 'स्टँडर्ड' आणि रात्री 'सिनेमा' पुरेसा. बहुतेक संच प्रत्येक मोडची मांडणी वेगळी लक्षात ठेवतात. त्यामुळे एकदा दुपारी आणि एकदा रात्री बसून दोन्ही मोड जुळवा. मग वेळेप्रमाणे फक्त मोड बदलायचा.

जुलैतल्या ढगाळ दुपारी हाच प्रयोग पुन्हा करा. बंद पडदा उन्हाळ्यापेक्षा किती काळा दिसतो, हे पाहा आणि बॅकलाइट किती ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.