डॉकवर ठेवल्यावर गेम का अडखळतो?

स्टीम डेक हातात घेऊन खेळताना एखादा गेम सुरळीत चालतो. तोच स्टीम डेक डॉकवर ठेवून दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला, की कधीकधी तोच गेम अडखळायला लागतो. यंत्र तेच, गेम तोच, खेळणाराही तोच. मग संशय जातो डॉकवर, आणि बिचाऱ्या डॉकचा यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो.

या गोंधळाचं मूळ निन्टेन्डो स्विचमध्ये आहे. २०१७ साली आलेल्या या यंत्राने ‘हातात खेळा, नाहीतर टीव्हीवर खेळा’ ही कल्पना घरोघरी नेली. स्विच डॉकवर ठेवला की त्याची ग्राफिक्स चिप मुद्दाम जास्त वेगाने चालवली जाते. हातात असताना बॅटरी वाचवायची आणि यंत्र गार ठेवायचं म्हणून तिला आवरून धरलेलं असतं. त्यामुळे डॉक म्हणजे जादा ताकद, असा समज पक्का झाला. खरं तर तिथेही हिशेब नेहमी जुळत नसे. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हातात ७२०पी आणि टीव्हीवर ९००पी रिझोल्यूशनने चाले. गेम नवा होता तेव्हा काही ठिकाणी तो टीव्हीवरच जास्त अडखळत असे, कारण वाढलेल्या ताकदीपेक्षा वाढलेलं काम जड ठरत होतं.

व्हॉल्व कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेल्या स्टीम डेकमध्ये तर अशी वाढीव ताकद नाहीच. त्याची मुख्य चिप जास्तीत जास्त १५ वॅट वापरते. बॅटरीवर असो वा चार्जर लावलेला असो, मर्यादा तीच. डॉक फक्त तीन गोष्टी पोहोचवतो: टीव्हीपर्यंत चित्र, यंत्रापर्यंत वीज आणि कंट्रोलर-कीबोर्डसारख्या जोडण्या. गेमचं चित्र काढण्याचं काम आधीही यंत्रच करत होतं, आताही तेच करतं.

बदलतं ते चित्राचं आकारमान. स्टीम डेकचा पडदा १२८० गुणिले ८०० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे १० लाख ठिपक्यांचा. फुल एचडी टीव्हीवर पावणेएकवीस लाख ठिपके असतात. फोरके टीव्हीवर जवळजवळ ८३ लाख. गेमला टीव्हीच्या पूर्ण रिझोल्यूशनने चालायला सांगितलं, की प्रत्येक फ्रेमसाठी त्याच चिपला दुप्पट किंवा आठपट ठिपके रंगवावे लागतात.

एक उदाहरण सोडवून पाहू. आकडे हिशेबासाठी घेतले आहेत. समजा, एखादा जड गेम डेकच्या पडद्यावर सेकंदाला ४० फ्रेम देतो. म्हणजे एका फ्रेमला २५ मिलिसेकंद लागतात. त्यातले ५ मिलिसेकंद चित्राच्या आकाराशी संबंध नसलेल्या कामात जातात आणि उरलेले २० ठिपके रंगवण्यात. फुल एचडीवर ठिपके दुपटीहून थोडे जास्त, म्हणून २० चे साधारण ४० होतात. एकूण ४५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फक्त २२ फ्रेम. फोरकेवर हाच गेम सेकंदाला ६ फ्रेमवर येईल. उलट टीव्हीवर १२८० गुणिले ७२० एवढंच रिझोल्यूशन ठेवलं, तर ठिपके हातातल्या पडद्यापेक्षा १० टक्क्यांनी कमी होतात आणि फ्रेम रेट ४३ च्या आसपास जातो. तोच टीव्ही, तोच डॉक, आणि वेग हातातल्यापेक्षा किंचित जास्त!

म्हणूनच स्टीम डेक बाहेरच्या पडद्यावरही गेमला सहसा आपल्याच पडद्याएवढं रिझोल्यूशन देतो आणि तयार झालेलं चित्र ताणून टीव्हीभर पसरवतो. गेमच्या ‘Properties’ मध्ये ‘Game Resolution’ हा पर्याय असतो. तिथे ‘Native’ निवडलं की हे संरक्षण जातं. ‘स्टारड्यू व्हॅली’सारख्या हलक्या गेमला त्याने काही फरक पडत नाही, तो फुल एचडीवरही ६० फ्रेमने आरामात चालतो. ‘सायबरपंक २०७७’सारख्या गेमला मात्र तो भार पेलत नाही. अशा गेममध्ये एक मधला मार्ग असतो. गेमच्या सेटिंगमध्ये एफएसआर असेल, तर आउटपुट फुल एचडी ठेवून त्याचा ‘Quality’ पर्याय निवडायचा. मग गेम आतल्या आत ७२०पीवर चित्र काढतो आणि ते फुल एचडीपर्यंत वाढवतो. या वाढवण्यालाही थोडा वेळ लागतो, पण मोठ्या पडद्यावर अक्षरं आणि मेनू बरेच स्वच्छ दिसतात.

खरी फसगत पुढे आहे. फ्रेम रेट तंतोतंत तेवढाच राहिला, तरी टीव्हीवरचा खेळ खडबडीत वाटू शकतो. स्टीम डेकचे अनेक मालक जड गेम ४० फ्रेमवर बांधून खेळतात, आणि ते योग्यच आहे, कारण मूळच्या एलसीडी डेकचा पडदा ४० हर्ट्झवर आणता येतो. पडदा सेकंदाला ४० वेळा ताजा होतो आणि प्रत्येक वेळी नवी फ्रेम तयार असते. साधा टीव्ही मात्र ६० हर्ट्झवरच चालतो. ४० फ्रेम ६० वेळांत बसवायच्या, तर एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. कॅमेरा हळूहळू फिरवला की हा हिसका डोळ्यांना लगेच जाणवतो. पडद्यावरचा आकडा मात्र शांतपणे ४० दाखवत राहतो. अशा टीव्हीवर ३० किंवा ६० ची मर्यादाच ठेवावी. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि डेककडून चित्रही १२० हर्ट्झने जात असेल, तर ४० पुन्हा चालतं, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवता येते.

एकाच बाबतीत दोष डॉकचा असू शकतो. काही स्वस्त यूएसबी-सी हबचं एचडीएमआय फोरके चित्र फक्त ३० हर्ट्झने पाठवतं. मग गेम कितीही वेगवान असो, टीव्हीवर सेकंदाला ३० हून जास्त फ्रेम दिसतच नाहीत. ओळखायची खूण सोपी: मेनूतला कर्सरसुद्धा जड वाटतो. ‘Display’ सेटिंगमध्ये बाहेरच्या पडद्याचं रिझोल्यूशन फुल एचडीवर आणलं की बहुधा ६० हर्ट्झ परत मिळतात.

भारतात जुलै २०२३ पासून मिळू लागलेल्या असूसच्या आरओजी अलायची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचा स्वतःचा पडदाच फुल एचडी, त्यामुळे फुल एचडी टीव्हीवर काम वाढत नाही. शिवाय ‘Turbo’ मोडमध्ये त्याची चिप बॅटरीवर २५ वॅट आणि चार्जरवर ३० वॅट वापरते. त्यामुळे वीज पुरवणाऱ्या डॉकवर त्याचा फ्रेम रेट वाढूही शकतो. मात्र त्यासाठी ६५ वॅटचा पुरवठा यंत्रापर्यंत पोहोचायला हवा. शिवाय त्यावर विंडोज असल्याने फोरके टीव्ही जोडला की काही गेम आपणहून फोरके निवडतात. तिथे गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच फुल एचडी निवडावं लागतं.

शंका असेल तर मोजून पाहावं. स्टीम डेकवर तीन ठिपक्यांचं बटण दाबून ‘Performance’ मध्ये फ्रेम रेटचा आकडा सुरू करा. गेममधल्या एकाच जागी उभं राहून तो आधी हातात आणि मग टीव्हीवर वाचा. आकडा पडला असेल तर रिझोल्यूशन कमी करा. आकडा तोच असून चित्र हिसके देत असेल, तर फ्रेमची मर्यादा टीव्हीच्या हर्ट्झला भाग जाईल अशी ठेवा. आणि नवा डॉक घेणार असाल, तर त्याच्या खोक्यावर ‘4K 60Hz’ लिहिलेलं आहे ना, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या.